पीओवर 90 दिवस लिहिलेत म्हणून 90 दिवस थांबायचं का?

"नमस्कार सर, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, नऊ माणसं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला बुश आणि ब्रॅकेट देतो, आज त्यांच्याकडे साधारण 14 लाख अडकलेत. पीओवर 90 दिवस क्रेडिट आहे आणि ते पण जीआरएनपासून मोजतात. सगळ्यात मोठं बिल 4,72,000 चं, माल 10 जून 2025 ला गेला, जीआरएन केला 24 जूनला. नोव्हेंबर संपत आला तरी पैसे नाहीत. परवा फोन केला तर पर्चेसवाले म्हणतात लॉटमध्ये रिजेक्शन आहे, क्वालिटीकडून क्लिअर होऊ दे. लेखी काहीच नाही. उद्यम सर्टिफिकेट एप्रिल 2023 चं आहे, पण एक बिल त्याच्या आधीचं, जानेवारी 2023 चं, 1,10,000 बाकी आहे. केस टाकली तर व्हेंडर कोड ब्लॉक करतील म्हणून मिस्टर नको म्हणतात. काय करावं?"

ताई, पहिलं उत्तर सरळ देतो, 90 दिवस तुम्हाला लागू नाहीत. तुमची सही असली तरी नाहीत. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम 15 सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण ती ठरलेली तारीख माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाऊच शकत नाही. आणि लेखी काही ठरलंच नसेल तर मग 15 दिवसच. व्याजाचं कलम 16 तर स्पष्ट म्हणतं की करारात काहीही लिहिलेलं असो, व्याज द्यावंच लागेल. त्यामुळे "तुम्हीच तर पीओ स्वीकारलात" हे त्यांचं वाक्य ऐकायला जोरदार वाटतं पण कायद्यापुढे त्याला वजन नाही.

आता मोजायचं कुठून, कारण खरा खेळ इथे आहे. कंपनी जीआरएनपासून मोजते, म्हणजे माल मिळाल्याची नोंद ती स्वतः करते त्या दिवसापासून, आणि जीआरएन तिच्याच हातात आहे, म्हणजे घड्याळ कधी चालू करायचं ते पण तीच ठरवणार. कायद्यात जीआरएन हा शब्दच नाहीये. तिथे आहे "स्वीकृतीचा दिवस", म्हणजे माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली तरच हा दिवस पुढे जातो, म्हणजे तुम्ही ती हरकत दूर कराल तेव्हा स्वीकृती धरायची. हरकत नाही घेतली तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. तुमचा माल 10 जूनला गेला, लेखी हरकत 25 जूनपर्यंत यायला हवी होती, आली नाही. मग स्वीकृती 10 जून, 45 दिवस संपले 25 जुलैला आणि 26 जुलैपासून व्याज चालू झालं. कंपनीच्या हिशोबाने 24 जूनपासून 90 धरले तर 22 सप्टेंबर येतं. म्हणजे त्यांच्या मते तुम्ही दोनच महिने वाट बघताय आणि कायद्याच्या मते चार महिने होऊन गेले.

यावरून रिजेक्शनचं पण उत्तर मिळतं. नोव्हेंबरमध्ये फोनवर सांगितलेलं रिजेक्शन हे कलमातली हरकत नाही. पण म्हणून ते सोडून देऊ नका, कारण थकलेल्या बिलांच्या केस ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेपुढे गेल्यावर खरेदीदाराला उलट दावा करता येतो, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या केसमध्ये हे मान्य केलंय, आणि तिथे ते हमखास मागच्या तारखेची इन्स्पेक्शन शीट आणि डेबिट नोट घेऊन येतात. म्हणून आजच एक साधा मेल टाका, की अमुक तारखेला फोनवर तुम्ही रिजेक्शन सांगितलंत, कुठला लॉट, किती नग, कुठलं डायमेन्शन बाहेर आहे, रिपोर्ट पाठवा आणि पार्ट परत द्या, आजपर्यंत आम्हाला लेखी काही मिळालेलं नाही. यावर ते बहुतेक वेळा काहीच उत्तर देत नाहीत आणि ते न दिलेलं उत्तरच पुढे कामाला येतं. खरंच पार्ट खराब असतील तर तेवढ्या नगांची रक्कम आधीच बाजूला काढा, उरलेल्या बिलावर तुमची बाजू जास्त घट्ट होते.

व्याजाकडे येऊ. दर आहे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. इथे लोक रेपो रेट धरतात आणि चुकतात, बँक रेट वेगळा असतो, रेपोपेक्षा थोडा जास्त. जून 2025 मध्ये दर उतरले तेव्हापासून नोव्हेंबर 2025 अखेरपर्यंत बँक रेट 5.75 टक्के होता, त्याची तिप्पट 17.25 टक्के, महिन्याला 1.4375 टक्के. 26 जुलै ते 25 नोव्हेंबर हे पूर्ण चार महिने झाले, तर एक्सेलमध्ये एवढंच टाका:

```
=472000*(1+5.75%*3/12)^4-472000
```

उत्तर येतं 27,731 रुपये. एका बिलावर, चार महिन्यांचं. प्रत्येक बिलाची अशी वेगळी ओळ करा, माल पोचल्याची तारीख, 45 वा दिवस, किती महिने झाले, व्याज किती. सगळी बिलं एकत्र करून एकच आकडा टाकू नका, कारण समोरच्याने एका बिलावर वाद काढला की सगळा आकडाच वादात जातो. आणि मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलला की त्या तारखेपासून पुढच्या महिन्यांना नवा दर लावा, नाहीतर पहिल्याच सुनावणीत त्यांचा वकील तुमची शीट चुकीची म्हणून बाजूला सारायला बघेल.

जानेवारी 2023 चं बिल मात्र या शीटमध्ये घालू नका. ते उद्यमच्या आधीचं आहे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाली फूड्सच्या निकालात सांगितलं की कराराच्या वेळी नोंदणी नसेल तर नंतर नोंदणी करून मागचा फायदा घेता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये एनबीसीसीच्या केसमध्ये दोन न्यायमूर्तींनी वेगळं मत मांडलं, नोंदणी नंतरची असली म्हणून परिषदेचा दरवाजा बंद होत नाही असं, आणि प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे पाठवला. म्हणजे दार किलकिलं आहे पण भरवसा ठेवण्यासारखं नाही, आणि 1,10,000 साठी बाकीच्या तेरा लाखांच्या केसला फाटा फुटावा असं मला मुळीच वाटत नाही. त्यात एक अजून बघा, तुमचं आत्ताचं काम कुठल्या पीओवर चालतंय? उद्यमच्या आधी निघालेला एखादा ओपन पीओ असेल आणि त्याच्यावरच शेड्यूल येत असतील तर ते वकील "करार तर जुना आहे" म्हणतील, म्हणून एप्रिल 2023 नंतरच्या पीओचा नंबर आणि तारीख प्रत्येक बिलासमोर लिहून ठेवा.

जुन्या बिलाची दुसरी अडचण मुदतीची. पैशाच्या दाव्याला तीन वर्षं असतात, आणि हे बिल त्या काठावर आलंय. तुमच्या मेलबॉक्समध्ये शोधा, दरवर्षी एप्रिलमध्ये मोठ्या कंपन्या लेजर कन्फर्मेशन मागतात किंवा पाठवतात, त्यात त्यांनी सही करून किंवा कंपनीच्या मेलवरून ही बाकी मान्य केली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजता येतात. मान्यता जुनी मुदत संपायच्या आत झालेली पाहिजे एवढं लक्षात ठेवा. तसं काही सापडलं नाही तर या एका बिलासाठी वकिलाकडे याच महिन्यात जा, ते दिवाणी मार्गाने वसूल करायचं काम आहे, परिषदेचं नाही. मुदतीबद्दल महाराष्ट्रातूनच गेलेल्या सोनाली पॉवरच्या केसमध्ये जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की परिषदेपुढच्या समेटाला मुदतीचा कायदा आड येत नाही पण लवादाला येतो. म्हणजे जुन्या बिलावर बोलणी होऊ शकतात, पण समोरचा नाही म्हणाला की हातात काही उरत नाही.

आता केस टाकायच्या आधी काय करायचं, आणि मिस्टरांच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. माझं मत असं की पर्चेसवाल्याला फोन करणं आता थांबवा. त्याचं काम भाव पाडणं आणि शेड्यूल पुरं करून घेणं, पेमेंट त्याच्या हातात नसतं आणि तुमच्या थकबाकीमुळे त्याचं काही बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं ते अकाउंट्समध्ये बसतात. त्यांना मेल करा, फायनान्स हेडला, पर्चेसला सीसीमध्ये ठेवून, सोबत उद्यम सर्टिफिकेट आणि ती व्याजाची शीट लावून.

मेलमध्ये धमकी नको, फक्त तीन गोष्टी शांतपणे लिहायच्या. पहिली जीएसटीची. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. तुमच्या बिलाची तारीख 10 जूनच असेल तर 180 वा दिवस 7 डिसेंबरला येतो, म्हणजे त्यांचं 72,000 चं क्रेडिट आता काही दिवसांत अडचणीत येणार आहे (तुम्ही मात्र ते 72,000 जुलैमध्येच सरकारला भरून बसलात, हे मला दर वेळी खटकतं). दुसरी आयकराची, जिला सगळे 43बी(एच) म्हणून ओळखतात. 2023 च्या फायनान्स अ‍ॅक्टने आलेली तरतूद आहे, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल कलम 15 ची मुदत उलटून गेलं आणि 31 मार्चलाही बाकीच राहिलं तर तो खर्च त्यांना त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळतो. 31 मार्चच्या आत दिले तर त्यांचं काही जात नाही, म्हणून याचा खरा दबाव जानेवारी ते मार्चमध्येच असतो. आणि तुम्हाला द्यायचं जे कलम 16 चं व्याज आहे ते तर त्यांना कधीच खर्चात दाखवता येत नाही. तिसरी गोष्ट, 45 दिवसांवर थकलेली सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी कंपनीला दर सहा महिन्यांनी एमएसएमई-1 फॉर्ममध्ये कंपनी रजिस्ट्रारकडे कळवावी लागतात, उशिराचं कारण देऊन. विचारा की ऑक्टोबरअखेर भरलेल्या फॉर्ममध्ये आमचं नाव होतं का. या एका प्रश्नाने बऱ्याचदा कंपनी सेक्रेटरी फायनान्सला फोन करतो, आणि फाइल हलते.

इथे एक मोठं पण आहे. हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा त्यांच्या सिस्टीममध्ये तुम्ही सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेले असता. बऱ्याच ठिकाणी व्हेंडर मास्टरमध्ये तो रकाना रिकामाच असतो. म्हणून उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा आणि सर्टिफिकेट मेलने पाठवल्याचा पुरावा ठेवा. आणि कोणी "उद्यम रद्द करून टाका, मग पेमेंट लवकर सोडतो" म्हणालं तर अजिबात ऐकू नका, ते रद्द केलंत की पुढच्या बिलांना हा कायदाच उरत नाही.

व्याजाचं काय करायचं हे मेलमध्येच ठरवून टाका. व्यवहार टिकवायचा असेल तर लिहा की मुद्दल 20 डिसेंबरपर्यंत खात्यात आली तर आम्ही व्याजाचा आग्रह धरणार नाही, नाही आली तर पूर्ण व्याजासकट मागणी कायम राहील. तारीख घातल्याशिवाय व्याज सोडू नका. आणि पेमेंट देताना ते "फुल अँड फायनल, नो ड्यूज" अशा कागदावर सही मागतील, सगळी रक्कम आलेली नसेल तर ती सही करायची नाही, चेक अडकला तरी चालेल.

मग व्हेंडर कोडची भीती. ती खोटी नाहीये, मी उगाच धीर देणार नाही, केस टाकल्यावर नवीन शेड्यूल बंद झाल्याची उदाहरणं असतात. म्हणून बघा की या कंपनीवर तुमचा किती धंदा अवलंबून आहे. निम्म्याहून जास्त असेल तर आधी ट्रेड्सची मागणी करा. ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे प्लॅटफॉर्म, आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट वगैरे. तुमचं बिल तिथे चढतं, कंपनी ते ऑनलाइन मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं डिस्काउंट कापून तुम्हाला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात, पुढे कंपनी बँकेला देते. कंपनीने बँकेला बुडवलं तरी बँक तुमच्याकडे येत नाही. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत तिथे नोंदणी करणं सरकारने बंधनकारक केलंय, त्यामुळे "आमच्याकडे ती सोय नाही" हे उत्तर त्यांना लेखी देता येत नाही. खोच एवढीच की नोंदणी सक्तीची आहे, तुमचं ठराविक बिल मान्य करणं त्यांच्या मर्जीवर आहे. पण पर्चेसच्या माणसाला ही मागणी भांडणासारखी वाटत नाही आणि पुढच्या बिलांचा प्रश्न मिटतो. अडकलेल्या वादाच्या बिलांना मात्र याचा उपयोग नाही.

मुदत दिलेली तारीख उलटली की मग परिषद. तिचं नाव सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषद, महाराष्ट्रात विभागवार आहेत, उद्योग संचालनालयाच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतात. खरेदीदार देशात कुठेही असो, केस सप्लायर जिथे आहे तिथल्या परिषदेत चालते, त्यामुळे तुम्हाला पुण्याबाहेर जावं लागणार नाही. अर्ज ऑनलाइन करायचा, आधी समाधान पोर्टल होतं, जून 2025 मध्ये मंत्रालयाने ओडीआर पोर्टल आणलंय, तिथे सुरुवातीला दोन्ही बाजूंना ऑनलाइन बोलणी करायचीही सोय आहे. सोबत पीओ, बिलं, चलनं, ई-वे बिल, उद्यम, लेजर आणि तुमचे मेल. तारखांच्या शीटशी प्रत्येक कागद जुळलेला पाहिजे.

पुढे दोन टप्पे असतात आणि त्यातली एक जागा नीट सांभाळायला हवी. आधी समेट होतो, परिषद दोघांना बसवून तोडगा काढायला बघते. बरेचसे पैसे इथेच मिळतात, कारण नोटीस थेट कंपनीच्या लीगल खात्यात जाते आणि तिथे कोणीतरी पहिल्यांदा कागद वाचतो. समेट झाला नाही तर लवाद, म्हणजे आर्बिट्रेशन, परिषद स्वतः करते किंवा एखाद्या संस्थेकडे पाठवते. आता गडबड अशी होते की समोरचा हजरच राहत नाही म्हणून परिषद समेटाच्याच तारखेला "पैसे द्या" असा आदेश काढते, सप्लायर खूश होऊन घरी येतो आणि वर्षभराने तो आदेश कोर्टात टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये झारखंड ऊर्जा विकास निगमच्या केसमध्ये असाच आदेश रद्दबातल ठरवला, कारण लवादाची प्रक्रिया झालीच नव्हती. तेव्हा रोजनाम्यात "समेट अयशस्वी, लवाद सुरू" असं लिहिलं जातंय का ते स्वतः बघा, दावा आणि बचावाला तारखा दिल्या जातायत का बघा. संकोच न करता लेखी अर्ज देऊन मागा. कायद्यात 90 दिवसांत निकाल द्यायचा असं लिहिलंय, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, सहा महिन्यांच्या खेळत्या भांडवलाचं नियोजन या पैशावर करू नका.

निकाल तुमच्या बाजूने लागला की सगळ्यात मोठी ताकद कामाला येते. कंपनीला तो निकाल कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी निकालाच्या 75 टक्के रक्कम भरावी लागते, ती भरल्याशिवाय अर्ज ऐकायलाच घेत नाहीत, आणि कोर्ट त्यातले काही पैसे आव्हान चालू असतानाच तुम्हाला देऊ शकतं. साध्या दिवाणी दाव्यात असं काही नसतं. मोठ्या कंपनीचा सगळा भर वेळ काढण्यावर असतो, पण 75 टक्के आधीच भरले की वेळ काढून त्यांचा काही फायदा उरत नाही, म्हणून तिथे बऱ्याच कंपन्या तडजोडीला येतात.

कोणी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणात, जा म्हणेल, तर त्या वाटेला किमान एक कोटीची थकबाकी लागते, तुमच्या रकमेत ते बसतच नाही. उलट ही कंपनीच उद्या दिवाळखोरीत गेली तर मोरॅटोरियम लागून परिषदेची केसही थांबते आणि तुम्हाला रांगेत क्लेम भरावा लागतो, त्यामुळे इतर व्हेंडरांचेही पैसे थकायला लागलेत असं कानावर आलं तर वर लिहिलेली 20 डिसेंबरची मुदत न देता लगेच अर्ज करा.

आणि आजपासून ड्रायव्हरला एक सांगून ठेवा. चलनाच्या आपल्या कॉपीवर गेटवरच्या सिक्युरिटीचा तारीख-वेळेसकट इनवर्ड शिक्का घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, आणि त्याचा फोटो तिथूनच ग्रुपवर टाकायचा. 10 जूनच्या चलनावर असा शिक्का असेल तर ते चलन आजच स्कॅन करा, नसेल तर ई-वे बिल आणि वाहतूकदाराची पावती काढून ठेवा, कारण कंपनी 24 जूनचा जीआरएन दाखवेल तेव्हा माल दोन आठवडे आधीच आत गेला होता हे त्यावरूनच सिद्ध करायचंय.